दादरच्या पुलावरची भेट: 1/2 की 7/16?

प्रश्न: मी बोरिवलीहून येतो, मित्र ठाण्याहून. दादरच्या पुलावर संध्याकाळी 5 ते 6 मध्ये कधीही यायचं, जो आधी येईल त्याने 15 मिनिटं वाट बघायची आणि मग निघून जायचं, फोन करायचा नाही. भेट होण्याची संभाव्यता किती? ग्राफपेपरवर चौकोन काढून रंगवला (फोटो जोडलाय). 144 पैकी 72 घरं भरली, म्हणजे 1/2. तोंडी हिशेब केला तरी 1/2च येतं. पुस्तकात मात्र 7/16 आहे. पुस्तक चुकलंय का?

उत्तर:

पुस्तक बरोबर आहे. पण तुमची चूक मला आवडली, कारण ती एक नाही, दोन आहेत. दोन्ही एकमेकींशी काही संबंध नसलेल्या, आणि तरी दोघींनी तुम्हाला नेमक्या 1/2 वरच आणून सोडलं. दोन वाटांनी गेलं आणि एकच उत्तर आलं की माणूस पुस्तकावरच संशय घेणार. अकरावी-बारावीचे क्लास घेताना हे मी अनेकदा पाहिलंय.

आधी फोटोबद्दल. कागद टेबलावर ठेवून तुम्ही तिरका फोटो काढलाय, त्यामुळे खालची कड लांब आणि वरची आखूड दिसते. अशा फोटोवर पट्टी ठेवून किंवा स्क्रीनवर मोजून क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढू नका. जवळची घरं मोठी दिसतात आणि लांबची लहान, त्यामुळे गुणोत्तर बिघडतं. पण सरळ रेषा तिरक्या फोटोतही सरळच राहते, आणि कोणती रेषा कोणत्या घरातून जाते हेही बदलत नाही. म्हणून घरं मोजायला तुमचा फोटो पुरेसा आहे. मी मोजली. रंगवलेली खरंच 72 आहेत.

आकृतीची मांडणी अचूक आहे. आडव्या अक्षावर तुमची यायची वेळ, उभ्यावर मित्राची, दोन्ही 0 ते 60 मिनिटं. चौकोनातला प्रत्येक बिंदू म्हणजे एक संध्याकाळ: (20, 50) म्हणजे तुम्ही 5:20 ला आलात, तो 5:50 ला. दोघांच्या वेळांत 15 मिनिटांपेक्षा जास्त फरक नसेल तर भेट झाली. म्हणून कर्णाच्या वर 15 आणि खाली 15 अशा दोन समांतर तिरक्या रेषा, आणि त्यांच्यामधला पट्टा म्हणजे भेटीच्या संध्याकाळी. सगळे बिंदू सारखेच संभवनीय धरले, की संभाव्यता म्हणजे पट्ट्याचं क्षेत्रफळ भागिले चौकोनाचं.

आता तुमचं एक घर म्हणजे 5 मिनिटं गुणिले 5 मिनिटं. तिरक्या रेषा बरोबर घरांच्या कोपऱ्यांतून जातात, त्यामुळे ज्या घरातून रेषा गेली त्याचे दोन अर्धे होतात: एक अर्धा पट्ट्यात, एक बाहेर. वरच्या रेषेवर अशी 9 घरं आहेत आणि खालच्या रेषेवर 9. तुम्ही ही अठराच्या अठरा घरं पूर्ण रंगवली. फोटोत तुमच्या पट्ट्याची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते, ती यामुळे. पूर्ण आत असलेली घरं 54. त्यांत 18 अर्ध्या घरांची 9 मिळवा: 63. आणि 63 भागिले 144 म्हणजे 7/16.

घरं मोजायचा कंटाळा असेल तर पट्टा मोजूच नका, उरलेलं मोजा. पट्ट्याबाहेर दोन काटकोन त्रिकोण राहतात, वर डावीकडे एक आणि खाली उजवीकडे एक. प्रत्येकाच्या काटकोनाच्या बाजू 45-45. दोन्ही जोडले की 45 बाजूचा चौरस होतो, 2025. मोठा चौकोन 3600. वजा केल्यावर 1575, आणि 1575/3600 म्हणजे पुन्हा 7/16, म्हणजे 0.4375.

ही झाली पहिली चूक, हाताची. दुसरी डोक्यातली आहे आणि जास्त चिवट आहे. तोंडी हिशेब तुम्ही लिहिलेला नाही, पण बहुतेक असा असणार: "मी कधीही आलो तरी मित्र माझ्या आधी 15 मिनिटांत किंवा नंतर 15 मिनिटांत आला पाहिजे. म्हणजे साठातली तीस मिनिटं चालतात. निम्मी."

यातला "कधीही" हा शब्द खोटा आहे. तुम्ही 5:15 ते 5:45 च्या दरम्यान आलात तर ठीक, तीस मिनिटं चालतात. पण समजा तुम्ही 5:00 च्या ठोक्याला पुलावर आलात. तुमच्या आधीची 15 मिनिटं म्हणजे पावणेपाच ते पाच, आणि तेव्हा मित्र येणारच नाही असं ठरलंय. तुमच्या उपयोगाची फक्त पुढची 15 उरली. 5:05 ला आलात तर 20, 5:10 ला आलात तर 25. सहाच्या बाजूलाही हेच, फक्त उलट. म्हणजे मधल्या अर्ध्या तासात सरासरी 30 मिनिटं उपयोगाची, आणि दोन्ही टोकांच्या मिळून अर्ध्या तासात सरासरी साडेबावीस. दोन्हींची सरासरी सव्वासव्वीस. सव्वासव्वीस भागिले साठ, पुन्हा 0.4375.

"साठातली तीस" हा हिशेब चुकीचा आहे हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. वाट बघायची वेळ वाढवून बघा. दोघंही अर्धा तास थांबणार असतील तर तुमच्या पद्धतीने साठातली साठ मिनिटं चालतात, म्हणजे भेट शंभर टक्के. पण तुम्ही 5:05 ला येऊन 5:35 ला कंटाळून निघालात आणि तो 5:50 ला आला, तर कसली भेट? खरं उत्तर तिथे 3/4 आहे. आणि तासभर थांबायचं ठरवलं तर तुमची पद्धत संभाव्यता 2 देईल. मुलांना मी सांगतो, सूत्र बरोबर वाटलं की त्याला टोकापर्यंत ताणून बघा, तुटायचं असेल तर तिथे तुटतं.

आकृतीत ही चूक कुठे दिसते? तुमचा तोंडी हिशेब म्हणजे पूर्ण लांबीचा, न कापलेला पट्टा: उभी उंची 30, रुंदी 60, क्षेत्रफळ 1800. हा पट्टा खाली डावीकडे आणि वर उजवीकडे चौकोनाच्या बाहेर डोकावतो. बाहेर गेलेले दोन छोटे त्रिकोण, बाजू 15-15, दोन्ही मिळून 225. तेवढं कापलं की 1575. म्हणजे तोंडी हिशेबात तुम्ही चौकोनाच्या *कोपऱ्यांबाहेरचं* 225 जास्त धरलंत, आणि रंगवताना पट्ट्याच्या *कडेला लागून* 9 घरं, म्हणजे 9 गुणिले 25, पुन्हा 225 जास्त धरलंत. जागा वेगळ्या, आकडा एकच.

हा निव्वळ योगायोग आहे. घर 5 मिनिटांचं होतं म्हणून जुळलं. 3 मिनिटांची घरं आखून त्याच सवयीने रंगवलं असतं तर कडेचं जास्तीचं क्षेत्रफळ 135 झालं असतं, उत्तर 0.475 आलं असतं आणि दोन उत्तरं जुळत नाहीत हे पाहून तुम्ही स्वतःच चूक शोधली असतीत. जितकी घरं बारीक, तितकी ही चूक कमी होत जाते. तोंडी हिशेबातली चूक मात्र कागद कितीही बारीक आखला तरी तशीच राहते.

आता थोडं दादरबद्दल, कारण तुम्ही बोरिवली आणि ठाणे लिहिलंत ते वाचून माझ्या डोक्यात दुसरंच आलं. 7/16 हे उत्तर दोन गोष्टी गृहीत धरतं. एक, तासातला कुठलाही क्षण सारखाच संभवनीय. दोन, तुमच्या येण्याचा त्याच्या येण्याशी संबंध नाही. पहिलं बहुधा खरं नसतं. "पाच ते सहा" म्हटलं की आपली मंडळी साडेपाचच्या आधी उगवत नाहीत. दोघंही साडेपाच ते सहामध्येच येणार असतील तर चौकोन 30 चा होतो, बाहेरचे त्रिकोण 15 चे, आणि संभाव्यता एकदम 3/4. दुसरं पावसाळ्यात कोलमडतं. जोराचा पाऊस झाला की वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही एकदम रखडतात, दोघंही एकत्रच उशिरा येतात, आणि बिंदू चौकोनभर न पसरता एका कोपऱ्यात गोळा होतात. मग क्षेत्रफळ काढून उपयोग नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी तुमच्या 72 घरांना वेगळाच अर्थ देते. लोकलने येणारा माणूस हव्या त्या क्षणी उगवत नाही, गाडी येते तेव्हा उगवतो. समजा दोन्ही लाइनींवर बरोबर 5-5 मिनिटांनी गाडी आहे, 5:00, 5:05 असं करत 5:55 पर्यंत बारा, आणि तुम्ही दोघं त्यांतली कुठलीही पकडता. मग एक घर म्हणजे गाड्यांची एक जोडी. घराचे अर्धे होत नाहीत, जोडी एकतर चालते किंवा नाही. फरक 0, 5, 10 किंवा 15 मिनिटं चालेल. अशा जोड्या किती? 12, 22, 20 आणि 18, म्हणजे 72. तुम्ही रंगवलेली तीच घरं! तुमचं चित्र या दुसऱ्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर आहे.

फक्त इथे कडेला वजन येतं. पुस्तकातल्या चौकोनात "15 मिनिटं" आणि "15 ला एक सेकंद कमी" यांत काही फरक पडत नाही, कारण रेषेला क्षेत्रफळ नसतं. गाड्यांच्या हिशेबात त्या रेषेवर 18 जोड्या बसल्यात. तुम्ही दोघंही पंधरावं मिनिट पूर्ण व्हायच्या आत जिना उतरू लागलात तर त्या अठराही गेल्या, आणि 72 चे 54 झाले, म्हणजे 1/2 चे 3/8. तेव्हा दोघांनीही पंधरा नको, सोळा मिनिटं थांबा.