उपसूर्य आणि अपसूर्य

‘पृथ्वीच्या कक्षेवरच्या एका लेखात पेरिहेलिअन आणि अफेलिअन असे शब्द आले. त्यांचा नेमका अर्थ काय? मराठीत काय म्हणतात? आणि पेरिहेलिअन जानेवारीत कसं, तेव्हा तर थंडी असते ना?’

मराठीत उपसूर्य आणि अपसूर्य. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि सूर्य तिच्या मध्यावर नसून थोडा एका बाजूला आहे. त्यामुळे वर्षात एकदा पृथ्वी त्याच्या सर्वांत जवळ येते, तो उपसूर्य बिंदू. सर्वांत दूर जाते तो अपसूर्य. ‘उप’ म्हणजे जवळ, उपनगरातला. ‘अप’ म्हणजे दूर, अपहरणातला. हेलिओस हा ग्रीकांचा सूर्य, आणि ग्रीक ‘अपो’ तर आपल्या ‘अप’चा सख्खा भाऊच. त्यामुळे गोंधळ झालाच तर ‘अ’ला ‘अ’ जुळवावा: अफेलिअन, अपसूर्य.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते, जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ कोटी २१ लाखांवर. फरक ५० लाख किलोमीटरचा. ऐकायला प्रचंड, पण एकूण अंतराच्या मानाने जेमतेम सव्वातीन टक्के. यामुळे जानेवारीत पृथ्वीला सुमारे सात टक्के ऊन जास्त मिळतं, हे खरं. पण ऋतू ठरतात ते आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. जानेवारीत उत्तर गोलार्ध सूर्यापासून पलीकडे कललेला असतो. ऊन तिरपं पडतं, दिवसही लहान. ऑस्ट्रेलियात तेव्हा भर उन्हाळाच असतो.

अंतराचा खरा परिणाम दिसतो तो वेगात. जवळ असताना पृथ्वी सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर धावते, दूर असताना २९.३. हे घरच्या कॅलेंडरवर मोजून बघता येतं: २१ मार्च ते २३ सप्टेंबर १८६ दिवस भरतात, आणि तिथून पुढच्या २१ मार्चपर्यंत (लीप वर्ष नसेल तर) १७९च. अपसूर्याकडची अर्धी फेरी रेंगाळत होते.

आपल्या पंचांगातही हे उमटलेलं आहे, आणि मला तो भाग सगळ्यांत गमतीचा वाटतो. सूर्याला मिथुन रास ओलांडायला साडेएकतीस दिवस लागतात, धनू रास साडेएकोणतीसपेक्षाही कमी दिवसांत सरते. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यात एखादा अख्खा चांद्रमास सूर्याने रास न बदलता, संक्रांतीविना निघून जाण्याची शक्यता जास्त, आणि असा मास अधिक धरतात. २०२०चा अधिक आश्विन, २०२३चा अधिक श्रावण त्यातलेच. उलट हिवाळ्यात एकाच चांद्रमासात दोन संक्रांती सापडल्या की क्षयमास. १९८२-८३ मध्ये तसा येऊन गेला. अधिक पौष सहसा का ऐकू येत नाही, त्याचं कारण हा उपसूर्य.