ऊसबिल आज घ्यावे की वर्षाने?

प्रश्न : निपाणीजवळ आमचा ऊस आहे. बिलाचे एक लाख आज घ्यावेत, की वर्षाने एक लाख पाच हजार?

उत्तर : आजचेच घ्यावेत. मुदत ठेवीवर 7 टक्के व्याज धरले, तर वर्षाने येणाऱ्या 1,05,000 रुपयांना 1.07 ने भागून त्यांची आजची किंमत सुमारे 98,130 रुपयेच भरते. आणि डोक्यावर 12 टक्क्यांचे कर्ज असेल, तर ती 93,750 पर्यंत उतरते, कारण कर्ज आजच फेडून वाचणारे व्याज हीच तुमची कमाई असते. 1966 चा ऊस नियंत्रण आदेशही 14 दिवसांपुढच्या थकबाकीवर वार्षिक 15 टक्के व्याज द्यायला सांगतो (ते पदरात किती पडते, हा वेगळा प्रश्न). मात्र पैसे घरात नुसते पडून राहणार असतील, तर हे गणित लागू पडत नाही.