डीलरच्या कराराचं पहिलंच ऑडिट? मग भावफरकाच्या क्लेमपासून सुरुवात करा

फी आणि रॉयल्टी नंतर बघा. तिथे टक्केवारी विक्रीच्या कोणत्या आकड्यावर लावायची, परतावा वजा करून की न करता, एवढं करारात सापडलं की बाकी गणितच. नवख्यांची गाडी अडते ती क्लेममध्ये.

समजा, कंपनीने भाव उतरवला आणि डीलरने जुन्या भावाने घेतलेल्या १०० नगांचा फरक मागितला. बहुतेक जण क्लेमची बेरीज तपासतात, ती जुळते आणि टिक होते. तसं करू नका. आधी करार, मग त्यानंतरची परिपत्रकं वाचा. त्यात 'मागच्या ३० दिवसांत बिल झालेला, डीलरच्या ताब्यातला माल' असं असेल तर दोन्ही अटी लागतात.

आता भाव उतरला त्या दिवसाचा साठा स्वतः काढा: सुरुवातीचा ४०, आवक ९०, विक्री ५५. शिल्लक ७५. क्लेममधले बाकीचे २५ बहुधा वाटेतले: बिल जुन्या भावाने, पोच नंतरची. ताबा नाही, म्हणून ते बाद. (डीलर भांडेल. पोचपावतीवरची तारीख दाखवा.)

७५ मधले जुने किती, हे सिरियल नंबर सांगतात. जुना माल आधीच विकला गेला असं गृहीत धरू नका. १२ नगांची बिलं ३० दिवसांपलीकडची निघाली, तर मान्य ६३. त्यातल्या एखाद्या नगाची वॉरंटी भाव उतरण्याआधीच नोंदली असेल, तर तो विकला गेलेला आहे आणि तुमचा विक्रीचा आकडाही पुन्हा तपासावा लागेल.

शेवटी डीलरचं खातं उघडा. याच फरकाची क्रेडिट नोट आधीच निघालेली नाही ना, ते बघा.