बिलिंग सॉफ्टवेअरचा लाइफटाइम प्लॅन

प्रश्न: लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांना १२,००० रुपयांत लाइफटाइम प्लॅन विकतोय. सगळे पैसे यंदाचंच उत्पन्न धरू का?

उत्तर: नाही. पैसे आले, पण सेवा द्यायची बाकी आहे. गिऱ्हाईक सरासरी ५ वर्षं टिकतं असा तुमचा अनुभव असेल, तर वर्षाला २,४०० उत्पन्नात घ्या. पहिल्या वर्षाअखेर उरलेले ९,६०० ताळेबंदात देणं म्हणून दिसतील. जीएसटी मात्र पूर्ण रकमेवर लगेच भरायचा, तिथे सवलत नाही.

खरी गोम खर्चात आहे. सर्व्हर आणि फोनवरची मदत मिळून दुकानामागे महिना १०० रुपये धरले, तरी दहा वर्षांत १२,००० संपतात. जुन्यांचा खर्च नव्या विक्रीतून भागू लागला, की समजा गाडी घसरली. ‘लाइफटाइम’ म्हणजे नक्की किती, हे करारात आताच लिहा.