रात्रभर ठेवलेलं पाणी आणि करपलेली टोकं

प्रश्न: नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरिन घालवायचा आणि मगच कुंड्यांना घालायचं, असं सगळीकडे वाचते. वर्षभर रोज बादल्या भरून ठेवतेय, तरी स्पायडर प्लांटची टोकं करपतातच. ह्या खटाटोपाचा खरंच काही उपयोग होतो का?

उत्तर:

कुंडीतल्या झाडासाठी नाही. पाणी ठेवल्यावर जे उडून जातं त्याचा झाडाला त्रास नव्हताच, आणि ज्याचा त्रास होतो ते बादलीत रात्रभर काय, महिनाभर ठेवलं तरी उडत नाही. तुमची टोकं बहुतेक त्या दुसऱ्या गोष्टीमुळे करपत असावीत.

मीही दोन वर्षं हेच करत होते. पुण्यात आमच्या सोसायटीत स्वयंपाकघरातल्या एका नळाला महापालिकेचं थेट पाणी येतं, बाकी सगळीकडे गच्चीवरच्या टाकीचं. ग्रामपंचायतीत पाण्यात टीसीएल पावडर पडली की नाही ते बघायला ओटी टेस्ट करतात, तो छोटा संच मी आणला. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि लगेच रंग बघायचा. पिवळा जितका गडद तितका क्लोरिन जास्त. (ते रसायन विषारी असतं. हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी कुंडीत ओतू नका.) थेट नळाचं पाणी स्वच्छ पिवळं झालं, पट्टीवर साधारण 0.5 पीपीएम, म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. टाकीच्या पाण्याला जेमतेम छटा आली. म्हणजे तुमच्याकडेही पाणी टाकीतून येत असेल, तर ते 'ठेवण्याचं' काम टाकीने आधीच केलेलं असतं.

मग थेट नळाचं पाणी स्टीलच्या बादलीत भरून बाथरूममध्ये ठेवलं. सकाळी त्यात अजून फिकट पिवळेपणा होता. त्याच नळाचं पाणी पसरट टबात बाल्कनीत उन्हात ठेवलं, तर काही तासांत रंगच आला नाही. याचं कारण साधं आहे. पाण्यात मिसळला की क्लोरिन वायूच्या रूपात फारसा उरत नाही, त्याचं बहुतांश हायपोक्लोरस आम्ल होतं, आणि ते सहजासहजी हवेत उडत नाही. ऊन मात्र त्याला पटकन मोडतं. झाकण घालून अंधारात ठेवलेल्या खोल बादलीतून फारसं काही जात नाही.

पण समजा, क्लोरिन जसाच्या तसा कुंडीत गेला, तरी काय होतं? आठ इंची कुंडीला मी एका वेळी साधारण 300 मिली पाणी घालते. 0.5 पीपीएमच्या हिशेबाने त्यात 0.15 मिलिग्रॅम क्लोरिन आला. कुंडीत कोकोपीट, शेणखत, पालापाचोळ्याची माती असते, आणि क्लोरिन अशा सेंद्रिय वस्तूंवर तुटून पडतो. वरच्या थरातच काही मिनिटांत तो खर्च होतो, मुळांपर्यंत पोहोचायला उरतच नाही. जमिनीतले जिवाणू मरतील अशीही भीती घालतात. वरच्या पातळ थरातल्या थोड्यांना फटका बसत असेल, पण बाकीच्या मातीत ते सुखरूप असतात आणि वरचा थर पुन्हा भरून काढतात. एक गोष्ट सांगते म्हणजे अंदाज येईल: मोठ्या नर्सऱ्यांमध्ये मूळकूज करणाऱ्या बुरशींचा बंदोबस्त करायला सिंचनाच्या पाण्यात मुद्दाम क्लोरिन घालतात, साधारण 2 पीपीएमपर्यंत. तेच पाणी पिऊन वाढलेली झाडं आपण विकत आणतो.

आता दुसरा हिशेब करा. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअर आणि टँकरचं पाणी मिसळतं, तेव्हा टीडीएस मीटरवर आकडा 800 च्या आसपास येतो. म्हणजे त्याच 300 मिली पाण्यातून 240 मिलिग्रॅम क्षार कुंडीत जातात. पाणी पानांतून आणि मातीतून उडून जातं, क्षार मात्र मागे राहतात. आठवड्यातून दोनदा असं वर्षभर पाणी घातलं तर एका कुंडीत 25 ग्रॅमच्या आसपास क्षार पडले, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम झाड थोडंफार वापरतं, काही खालून वाहून जातं. पण घरात ताटली भरून वाहू नये म्हणून आपण बेताबेतानेच पाणी घालतो, त्यामुळे वाहून जाणारं प्रमाण अगदी थोडं. उरलेलं साठत जातं. बादलीत ठेवलेल्या पाण्यातून काही वाफ झालीच, तर क्षार थोडे दाटच होतात, कमी होत नाहीत.

हे खरं आहे का ते पाहायला मी स्पायडर प्लांटच्या एकाच आईची तीन पिल्लं एकाच मातीत लावली, नोव्हेंबरमध्ये. एकाला थेट नळाचं पाणी, दुसऱ्याला तेच पाणी रात्रभर ठेवून, तिसऱ्याला आरओचं पिण्याचं पाणी. खत कुणालाच नाही. एप्रिलपर्यंत पहिली दोन सारखीच करपली. आधी टोकाला फिकट पिवळी रेघ, मग तिच्या पुढचा भाग तपकिरी होऊन कागदासारखा कुरकुरीत, आणि रेघ हळूहळू मागे सरकत गेलेली. तिसऱ्याची टोकं शेवटपर्यंत हिरवी होती. तीन कुंड्या म्हणजे काही मोठा पुरावा नाही, पण माझी बादली त्या दिवशी सुटली.

स्पायडर प्लांट, ड्रॅसिना, कॅलेथिया ही मंडळी क्षारांच्या आणि विशेषतः फ्लोराइडच्या बाबतीत नाजूक असतात. पानातून पाणी उडतं ते कडांकडून आणि टोकांकडून जास्त, म्हणून जे साठतं ते तिथेच साठतं आणि टोक आधी जळतं. क्लोरिन आणि फ्लोराइड ही नावं लोक एका दमात घेतात, त्यातून हा सगळा घोळ झालाय असं मला वाटतं. फ्लोराइड उडत नाही, उकळूनही जात नाही. आपल्याकडे ते नळाच्या पाण्यात मुद्दाम घालत नाहीत, पण बोअरच्या पाण्यात खडकातून येऊ शकतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत तर ते माणसांनाही बाधेल इतकं असतं.

तुमच्याकडे क्षारच आहेत का, हे ओळखणं सोपं आहे. मातीच्या वरच्या थरावर, कुंडीच्या काठावर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरी खरवड धरली आहे का बघा. नखाने खरवडली तर पिठासारखी निघते. नळाच्या तोंडावर आणि शॉवरच्या छिद्रांवर जी बसते तीच. खरवड नसेल, मातीही एकदम कोरडी पडत नसेल, तर मग आधी पंख्याचा किंवा एसीचा थेट झोत झाडावर येतोय का ते बघा. तेही एक कारण असतं.

दोन ठिकाणी लोक चांगल्या हेतूने चुकतात, तिथे थोडं थांबते. पहिलं म्हणजे आरओ मशीनचं फेकलं जाणारं पाणी. वाया जाऊ नये म्हणून ते झाडांना घालतात. पण मशीनने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्यातच असतात. एक भाग पिण्याचं आणि तीन भाग फेकायचं असं मशीन असेल, तर 600 टीडीएसच्या पाण्यातून साधारण 800 चं पाणी बाहेर पडतं. ते फरशी पुसायला, संडासात ओतायला ठेवा. दुसरं म्हणजे सोसायटीचा सॉफ्टनर. त्यात कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घातलेलं असतं. पाणी हाताला मऊ लागतं, साबणाला फेस भरपूर येतो, खरवडही बसत नाही, पण टीडीएस मीटरचा आकडा जवळजवळ तोच राहतो आणि सोडियम झाडाला कॅल्शियमपेक्षा कितीतरी वाईट. सॉफ्टनर असेल तर पाणी त्याच्या आधीच्या नळावरून घ्या.

आता तुमच्या झाडाचं. कुंडी मोरीत किंवा बाल्कनीत नेऊन सावकाश पाणी ओता. आठ इंची कुंडीला आठ-दहा लिटर तरी लागेल, अर्ध्या तासात थांबत थांबत. सगळं खालून निघून जाऊ द्या, ताटलीत साचलेलं लगेच फेका, नाहीतर तेच पाणी माती परत शोषून घेते. वरची खरवडलेली अर्धा इंच माती आधीच काढून टाकलेली बरी. हे दर दोन-तीन महिन्यांनी करा. जुलै-ऑगस्टमध्ये तर कुंड्या तासभर पावसात ठेवल्या तरी काम होतं. पहिल्या एक-दोन सरींनी धूळ खाली बसू द्या, मग ठेवा. रोजच्या पाण्यात एसीचं पाणी मिळत असेल तर अर्धं-अर्धं मिसळा, त्यात क्षार जवळपास नसतातच. जळलेलं टोक परत हिरवं होत नाही. ते कापा, पण हिरव्यात कात्री न घालता तपकिरी कडेची बारीक रेघ सोडून. खरा निकाल नव्या पानांवर दिसेल, दोन महिने द्या.

पाणी ठेवण्याला अर्थ आहे अशा मोजक्या जागा आहेत. मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापतं, ते सावलीत निववूनच घालावं. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर फार गार पाणी पडलं तरी डाग पडतात. नुकतीच टाकी ब्लीचिंगने धुतली असेल किंवा टँकरच्या पाण्याला झणझणीत वास येत असेल, तर एक दिवस उन्हात ठेवा. बाटलीत नुसत्या पाण्यात वाढवलेला मनीप्लांट असेल किंवा कलमं पाण्यात रुजत घातली असतील, तर क्लोरिन खाऊन टाकायला तिथे माती नसते, म्हणून मी तिथे उन्हातलं पाणी वापरते. जीवामृत करायलाही तसंच. माशांच्या टाकीला तर क्लोरिन काढावाच लागतो, त्यांच्या कल्ल्यांना तो थोडासाही सोसत नाही.

अमेरिकेतल्या माझ्या बहिणीसारखं कुणी हे वाचत असेल तर: तिकडच्या बऱ्याच शहरांत क्लोरिनऐवजी क्लोरामाइन असतं, सॅन फ्रान्सिस्कोत 2004 पासून. ते रात्रभरात उडत नाही. तरी कुंडीतल्या झाडांना तिथेही काही होत नाही, तेही मातीत खर्च होतं.

आणि सवय म्हणून बादली ठेवणारच असाल तर ती रोज पूर्ण रिकामी होते ना ते बघा, आठवड्यातून एकदा आतून घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत, घासावंच लागतं.