वीर्यपतनानंतर ओटीपोटात दुखणं
प्रश्न: वय ३४. वीर्यपतनानंतर वृषणांच्या मागे आणि ओटीपोटात दुखतं, दुसऱ्या दिवशीही ठणकतं. लघवीचे रिपोर्ट नॉर्मल. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. आता बायकोजवळ जायलाच नको वाटतं. काय असेल?

उत्तर: तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल आणि लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नसतील, तर हे बहुधा जुनाट प्रोस्टेटायटिस, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथी आणि ओटीपोटाच्या आसपासचं जुनं दुखणं आहे. जंतूच नसतील तर तिसऱ्या कोर्सनेही फरक पडणं अवघड. बायकोला लागण होण्याची भीतीही नको. आणि हस्तमैथुनाने 'धातू गेला' वगैरे काही नसतं.

अनेकांत खरं दुखणं ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंत असतं. वीर्यपतनाच्या वेळी ते झटक्याझटक्याने आवळतात. आधीच ताठरलेले असले की नंतर सैल होत नाहीत, म्हणून ठणका. मग दुखेल या धास्तीने माणूस आणखी आवळून घेतो आणि पुढच्या वेळी जास्त दुखतं.

युरॉलॉजिस्टला गुदद्वारातून बोटाने हे स्नायूही दाबून पाहायला सांगा. तिथे नेमकी तीच कळ उठली, तर याच स्नायूंवर, म्हणजे पेल्व्हिक फ्लोअरवर, काम करणारा फिजिओथेरपिस्ट गाठा. यूट्यूबवर बघून केगल करू नका. ते आवळायचे व्यायाम, तुम्हाला सैल सोडायला शिकायचंय. पोटातून सावकाश श्वास आणि कोमट पाण्याचं टबस्नान चालेल. फरक पडायला काही आठवडे ते महिने लागतात. तोवर बायकोला कारण सांगा, नाहीतर ती भलताच अर्थ काढेल.

थंडीताप, लघवी अडणं किंवा वीर्यात रक्त दिसलं तर मात्र लगेच डॉक्टर.