परीक्षेच्या हॉलसाठी बिनआवाजाचं साधं घड्याळ

प्रश्न: मुलाची संयुक्त पूर्व परीक्षा आहे, केंद्र सांगलीत आलंय. शंभर प्रश्न, एक तास. त्याचं स्मार्टवॉच चालणार नाही. घरातलं जुनं घड्याळ दिलं, तर म्हणतो टिकटिक डोक्यात जाते. माझ्याकडे ते डिजिटलवालं पण आहे, पण ते मध्येच पिकपिक करतं. कुठलं घ्यावं?

उत्तर:

ताई, आधी प्रवेशपत्रावरच्या सूचना पूर्ण वाचा. स्मार्टवॉच सगळीकडेच बंद असतं, पण साध्या घड्याळाबाबत परीक्षेगणिक नियम बदलतो. यूपीएससीला साधं मनगटी घड्याळ चालतं, नीटला तेही दारातच काढून घेतात. सूचनेत 'डिजिटल' शब्द दिसला तर तुमचं ते पिकपिकवालं घरीच ठेवा, गेटवर वाद घालून काही मिळत नाही.

चालत असेल तर काट्यांचंच घ्या. एक तासाच्या पेपरला मिनिटकाट्याचा बरोबर एक फेरा होतो. पेपर अकराला सुरू झाला तर काटा तीनवर आला की पंचविसावा प्रश्न, सहावर पन्नासावा, नऊवर पंचाहत्तरावा. डिजिटलवर ११:३७ दिसलं की वजाबाकी करावी लागते. इथे नुसत्या नजरेला कळतं, मागे आहोत की पुढे. म्हणून डायलवर बारा आकडे किंवा निदान ठळक बारा खुणा हव्यात, आणि कडेने मिनिटांच्या बारीक रेघा. तारीख, वार, तीन-तीन छोट्या चकत्या यातलं काही नको. पेपर उशिरा सुरू झाला तर घंटा झाल्याक्षणी मिनिटकाटा बारावर आणून ठेवायचा. खरी वेळ बिघडते, पण त्या तासात तिचं काही काम नसतं.

आता टिकटिक. मी कॉलेजात पर्यवेक्षण करतो, शिवाय जुनी घड्याळं उघडून बसायचा नाद आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. सेलवर चालणाऱ्या घड्याळात दर सेकंदाला तारेच्या छोट्या गुंडाळीत विजेचा एक झटका जातो, त्याने इवलासा चुंबक अर्धा फेरा फिरतो आणि दातऱ्या चाकांना धक्का बसतो. आवाज तो धक्क्याचा. तो सगळ्या घड्याळांत असतो. मोठा होतो तो पेटीमुळे. हलकी प्लॅस्टिकची पेटी आणि मागे पातळ पत्र्याचं झाकण असेल तर ते झाकण कातड्यासारखं थरथरतं. मनगटावर असताना हाताचं मांस हा आवाज खाऊन टाकतं. पण परीक्षेत पोरं काय करतात? घड्याळ काढून बाकावर ठेवतात. पोकळ लाकडी बाकाचा तबला होतो, आणि शांत वर्गात पुढच्या बाकावरच्यालाही ऐकू जातं.

दोन वर्षांपूर्वी भाच्यासाठी मारुती रोडवर घड्याळ घ्यायला गेलो होतो. दुकानात कानाला लावून बघितलं, सगळीच टिकटिकत होती. मग एक हलकं, पांढऱ्या डायलचं घेतलं. रस्त्याच्या गोंगाटात काही जाणवलं नाही, रात्री विश्रामबागेतल्या घरी पंखा बंद करून अभ्यासाच्या टेबलावर ठेवलं तर भिंतीवरचं घड्याळ वाजतंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि तीन घड्याळं काचेच्या काउंटरवर शेजारी शेजारी पालथी न घालता, झाकण खाली ठेवून, एकेकाजवळ काचेला कान लावला. दुकानदार हसला, पण फरक लगेच कळला. जाड पेटीचं, आत रबरी रिंग असलेलं पाणीरोधक घड्याळ सर्वांत शांत निघालं. कानाला लावून नाही, काचेला कान लावून बघा. आणि 'रात्री ऐकून बघतो, बदलून द्याल ना' हे घेण्याआधीच ठरवा.

घेतलेल्या घड्याळाचा आवाज आणखी कमी करायचा तर पट्टा बदला. नायलॉनचा एकसंध पट्टा मिळतो, तो दोन्ही बाजूंच्या पिनांतून झाकणाखालून सरळ ओवला जातो. म्हणजे बाकावर ठेवलं तरी झाकण आणि लाकूड यांच्यामध्ये कापड येतं. भाच्याचं असं केल्यावर हातभर अंतरावरून काही ऐकू येईना. स्टीलची साखळी मात्र टाळा. उत्तरपत्रिकेवर गोल काळे करताना ती बाकावर खडखडते, तो आवाज टिकटिकीपेक्षा वाईट.

सेकंदकाटाच नसलेली घड्याळं शांत असतात असं कोणी सांगेल. त्यातल्या काहींत काटा दर सेकंदाला हलत नाही, हे खरं. पण सेकंदकाटा हा घड्याळ चालू असल्याचा एकमेव पुरावा असतो. मध्येच थांबलं तर दहा मिनिटांनी कळणार, आणि इथे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद आहेत. आजोबांचं एचएमटी जनता असेल आणि मोह होत असेल तर, ते सेकंदाला पाच ठोके देतं, आवाज सलग खुळखुळता असतो. मला आवडतो, पण तुमच्या मुलाला आवडेलच असं नाही.

डिजिटलचं सांगायचं तर, तासातासाची पिक बंद करता येते. कॅसिओ एफ-९१डब्ल्यू प्रकारचं असेल तर डावीकडचं खालचं बटण दाबून गजराच्या पानावर जा, मग उजवीकडचं बटण दाबत राहा, पडद्यावरची गजराची आणि तासाच्या टोल्याची दोन्ही चिन्हं जाईपर्यंत. नंतर पुढचा तास भरेपर्यंत जवळ ठेवून खात्री करा. पण पान बदलताना बटणाची पिक होते, ती त्या घड्याळात बंद होत नाही. एका पेपरला माझ्या वर्गात बरोबर बाराला कुणाचं तरी वाजलं आणि पस्तीस डोकी एकदम वर झाली. ज्याचं होतं तो सर्वांत शेवटी वर बघत होता.

राहिला सेल. घरातलं जुनंच वापरायचं ठरलं तर सेल परीक्षेच्या महिनाभर आधी बदला, आदल्या दिवशी नको. दुकानदाराला सिल्व्हर ऑक्साइडचाच मागा. त्यावर 'एसआर'ने सुरू होणारा क्रमांक असतो, उदाहरणार्थ एसआर ६२६ एसडब्ल्यू. त्याच मापाचा 'एलआर' स्वस्त पडतो, पण तो अल्कलाइन असतो. त्याचा दाब वापरागणिक उतरत जातो, तर सिल्व्हरचा शेवटपर्यंत जवळपास तेवढाच राहतो. काही घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा एकदम दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो. ते दिसलं की घड्याळ बिघडलं असं समजू नका, सेल बदला. सेल बदलून आणल्यावर टिकटिक वाढली असेल तर झाकण नीट बसलेलं नाही किंवा रबरी रिंग आत टाकायची राहिली, परत घेऊन जा.

आदल्या संध्याकाळी मोबाइलच्या वेळेवर लावायचं. सेकंदकाटा बारावर आला की चावी बाहेर ओढा, काटा थांबेल. मिनिटकाटा पुढच्या मिनिटाच्या रेघेवर नेमका आणा, आणि मोबाइलवर ते मिनिट बदललं की चावी आत दाबा. पूर्ण आत गेली का ते मात्र बघा, अर्धवट बाहेर राहिली तर घड्याळ थांबूनच राहतं.